नकाशावर नसलेल्या गल्लीतला आमचा कारखाना

आमचा लाकडी सामानाचा कारखाना बेळगावच्या वडगाव भागात आहे. वडिलांनी दारे-खिडक्यांच्या चौकटींपासून सुरुवात केली, पुढे देव्हारे, पलंग आणि कपाटे आली, आणि आता निम्म्याहून अधिक काम शहराबाहेरून येते. खानापूर, संकेश्वर, निपाणी आणि सीमेपलीकडचे चंदगड येथील ग्राहक एकदा तरी स्वतः येऊन लाकूड पाहतात आणि मगच आगाऊ रक्कम देतात. त्यामुळे कारखाना सहज सापडणे हा आमच्या धंद्याचाच भाग आहे. आमच्याकडे येताना मुख्य गल्लीतून एक आडवा क्रॉस लागतो, आणि हाच क्रॉस खुल्या नकाशावर, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवर, मुळीच नव्हता.

हे आमच्या लक्षात आणून दिले ते चंदगडच्या एका ग्राहकाने. घाटात मोबाईलची रेंज टिकत नाही म्हणून ते ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप वापरतात. त्यात नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवता येतो आणि त्याची माहिती ओपनस्ट्रीटमॅपवरून येते. त्यांच्या फोनवर मुख्य गल्ली व्यवस्थित दिसत होती, पण आमचा क्रॉस जिथे फुटतो तिथे नुसती मोकळी जागा होती. प्लायवूडचा टेम्पो आणणारे चालकही मुख्य गल्लीत गाडी उभी करून फोन करत असत, आणि त्याचे कारण आम्ही पाटी लहान असल्याचे मानत होतो. ओपनस्ट्रीटमॅप 2004 साली सुरू झाला. त्यात कोणीही खाते उघडून स्वतःच्या माहितीची भर घालू शकतो, हे कळल्यावर ते काम आम्ही कारखान्यातल्या इतर कामांसारखेच नीट करायचे ठरवले.

पहिली गोष्ट समजून घ्यावी लागली ती ही, की नकाशावर दिसणे आणि शोधात सापडणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. रस्त्याची रेघ काढली की ती दिसते, पण ओपनस्ट्रीटमॅपचा शोध, ज्याला नॉमिनॅटिम म्हणतात, नावे आणि पत्ते यांवर चालतो. बिननावाची रेघ शोधणाऱ्याच्या उपयोगाची नसते, आणि केवळ चौकोन काढलेली इमारतही नसते. म्हणून काम तीन भागांत पडले: क्रॉसची रेघ, त्याचे नाव, आणि कारखान्याच्या इमारतीचा पत्ता.

रेघ काढण्याआधी धाकटा भाऊ फोनवर जीपीएसची नोंद चालू ठेवून क्रॉसमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा चालला. दोन्ही बाजूंना घरे असलेल्या अरुंद गल्लीत जीपीएस काही मीटर इकडेतिकडे सरकते, त्यामुळे एका फेरीवर विसंबून चालत नाही. अनेक फेऱ्यांच्या रेघा जिथे दाट जमतात तिथे खरा रस्ता असतो. संकेतस्थळावरच्या संपादकात, म्हणजे आयडी एडिटरमध्ये, उपग्रहाची छायाचित्रे खाली अंथरलेली असतात आणि त्यांवरून रेघ काढण्याची परवानगी असते. तीही कधीकधी जमिनीच्या तुलनेत थोडी सरकलेली असतात. आमच्या भागात छायाचित्र आणि फेऱ्यांच्या रेघा यांत फरक दिसला, तेव्हा भावाने पार्श्वभूमीच्या खिडकीतील Imagery Offset वापरून छायाचित्र आधी जागेवर आणले आणि मग रेघ काढली. गूगलच्या नकाशावरून काहीही उतरवून घ्यायचे नाही, हा येथील कडक नियम आहे. त्या नकाशाचे हक्क त्या कंपनीचे आहेत; खुल्या नकाशात जे येते ते स्वतः पाहिलेले किंवा परवानगी असलेल्या स्रोतातले असले पाहिजे.

रेघेचे टोक मुख्य गल्लीच्या रेघेला बिंदूने जोडलेले असावे लागते. दोन रेघा डोळ्यांना चिकटलेल्या दिसल्या तरी सामायिक बिंदू नसेल तर वाट दाखवणाऱ्या यंत्रणेसाठी ते दोन रस्ते एकमेकांना भेटतच नाहीत. हा दोष कसा ओळखावा? संकेतस्थळावर एखाद्या चौकापासून कारखान्यापर्यंतची वाट मागवावी. रेघ तोंडापाशीच थांबली किंवा भलताच वळसा दाखवला, तर जोड सुटलेला आहे असे समजावे. रस्त्याच्या प्रकारासाठी आम्ही residential निवडला, कारण घरांची दारे या क्रॉसमध्ये उघडतात आणि टेम्पो आत येतो. दोन घरांमागून जाणाऱ्या, जेमतेम एखादी गाडी जाईल अशा बोळासाठी service आणि alley हा प्रकार असतो. या दोहोंत गल्लत झाली तर मालवाहू गाडी नको त्या बोळात शिरते, म्हणून येथे घाई करू नये.

खरा विचार करावा लागला तो नावाचा. महापालिकेच्या पाटीवर कन्नड आणि इंग्रजीत दुसरा क्रॉस असे लिहिलेले आहे, आम्ही घरात मराठीत बोलतो, आणि आजूबाजूचे जुने लोक त्या जागेला पिंपळाचा बोळ म्हणतात. सीमाभागात कोणते नाव वर आणि कोणते खाली यावरून वाद व्हायला वेळ लागत नाही, आणि नकाशावरही एकाने लिहावे, दुसऱ्याने पुसावे असे होऊ शकते. ओपनस्ट्रीटमॅपची पद्धत अशी, की जागेवर जे दिसते त्याला मान द्यायचा आणि प्रत्येक भाषेला तिची स्वतंत्र जागा द्यायची. भारतात बहुतेक ठिकाणी मुख्य नाव रोमन लिपीत दिसते आणि पाटीवरही ते होतेच, म्हणून तेच ठेवले. गल्लीचे नाव येथे उदाहरणापुरते बदलून नोंद देतो:

```
highway=residential
name=Sutar Galli 2nd Cross
name:mr=सुतार गल्ली दुसरा क्रॉस
name:kn=ಸುತಾರ ಗಲ್ಲಿ 2ನೇ ಕ್ರಾಸ್
alt_name=Sutar Galli Second Cross
loc_name=पिंपळाचा बोळ
```

नॉमिनॅटिम या सर्व नावांवर शोध घेतो, त्यामुळे चंदगडचा ग्राहक देवनागरीत टाइप करो की हुबळीचा व्यापारी कन्नडमध्ये, दोघांनाही तीच गल्ली मिळते. मात्र तो स्पेलिंगमधली चूक स्वतःहून सुधारून घेत नाही. 2nd आणि Second हे त्याच्या लेखी वेगळे शब्द ठरू शकतात, म्हणूनच alt_name ची ओळ घातली. अशी एकाहून अधिक पर्यायी नावे असतील तर ती अर्धविरामाने वेगळी करून लिहिता येतात. पण प्रत्येक चुकीचे स्पेलिंग तेथे भरणे योग्य नाही. जे नाव लोक खरोखर वापरतात तेवढेच द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण फुगवलेली नोंद दुसरा कोणीतरी कापतो आणि तेव्हा उपयोगाचे नावही त्याच्याबरोबर जाऊ शकते. शहराच्या बाबतीतही हीच गोष्ट लागू होते. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचे अधिकृत इंग्रजी नाव Belagavi झाले, तरी बाहेरचे कितीतरी लोक अजून Belgaum असेच टाइप करतात. त्याची सोय शहराच्या स्वतःच्या नोंदीत असते, आपल्या गल्लीच्या नावापुढे शहराचे नाव जोडायचे नसते.

त्यानंतर इमारत. छायाचित्रातून छप्पर दिसते, पण उंच इमारतीचे छप्पर एका बाजूला कललेले दिसते, म्हणून चौकोन जमिनीवरच्या पायाचा काढावा. कोपरे काटकोनात आणण्यासाठी आयडीमध्ये Q दाबले की पुरे. संपूर्ण इमारत आमच्याच वापरात असल्याने धंद्याची माहिती इमारतीच्या आकारावरच लिहिली; वर भाडेकरू राहत असते तर आत एक स्वतंत्र बिंदू ठेवून त्यावर लिहिली असती. हीच माहिती दोन्हीकडे लिहिली तर शोधात एकच कारखाना दोनदा येतो.

```
building=yes
craft=carpenter
name=...
addr:housenumber=...
addr:street=Sutar Galli 2nd Cross
```

घर क्रमांक दारावर लिहिलेला आहे तोच भरला. यात addr:street ची ओळ सर्वांत महत्त्वाची. नॉमिनॅटिम या ओळीतील नाव जवळच्या रस्त्यांच्या नावांशी जुळवून इमारत कोणत्या रस्त्यावर आहे हे ठरवतो. Galli ऐवजी Gally लिहिले गेले तर जुळणी होत नाही, आणि तो इमारत सर्वांत जवळच्या रस्त्याला बांधतो; कारखाना कोपऱ्यावर असेल तर तो जवळचा रस्ता नेमका मुख्य गल्ली निघू शकतो. शोधात इमारत सापडते पण पत्ता भलत्याच गल्लीचा येतो, असे दिसले की आधी हीच ओळ तपासावी. नॉमिनॅटिमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर शोधल्यास निकालातील नोंदीच्या तपशिलाच्या पानावर ती कोणत्या रस्त्याला आणि कोणत्या भागाला जोडली गेली आहे हे लिहिलेले असते; भावाने आमची नोंद तेथे उघडून क्रॉसचे नाव पाहिले, तेव्हाच आमचे समाधान झाले.

बदल जतन करताना एक छोटी टीप द्यावी लागते. आम्ही वडगाव येथील क्रॉस आणि कारखाना प्रत्यक्ष पाहून जोडले असे लिहिले आणि नवीन असल्यामुळे इतरांनी तपासावे अशी खूणही केली. संकेतस्थळावरच्या शोधात नोंद काही मिनिटांत येऊ लागते, परंतु नकाशाचे चित्र ब्राउझरने जुने साठवलेले असू शकते, तेव्हा Ctrl आणि F5 दाबून पाहावे. फोनमध्ये उतरवलेल्या नकाशात मात्र बदल आपोआप येत नाही. ॲपकडून नवा नकाशा प्रसिद्ध व्हावा लागतो आणि ग्राहकाने तो पुन्हा उतरवून घ्यावा लागतो. चंदगडच्या त्या ग्राहकांना आम्ही हे सांगून ठेवले होते, आणि पुढच्या वेळी ते कपाटाचे लाकूड पाहायला आले तेव्हा कुठेही न विचारता थेट दारात आले. या सर्वाचा गूगलच्या शोधावर परिणाम होत नाही. तेथील नोंद वेगळी करावी लागते आणि आम्ही ती वेगळी केली.

धंद्याच्या नोंदीत आम्ही जाहिरात लिहिली नाही. नावाच्या जागी कारखान्याचे नाव तेवढे आहे, त्यापुढे उत्तम सागवान किंवा स्वस्त दर असे काही नाही, कारण तशी भर नियमबाह्य ठरते. शेजाऱ्यांच्या घरांचे आकार काढले, पण कोण कोठे राहते हे कोणाच्याही घरावर लिहिले नाही. पुढे शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या मालकांनी विचारले, तेव्हा त्यांच्यासमोर बसून त्यांची गिरणी जोडली. त्यांचा दूरध्वनी क्रमांक त्यांच्या संमतीनेच घातला.

आता क्रॉसच्या पलीकडे शेतजमिनीत नवे प्लॉट पडले आहेत आणि तेथे अजून महापालिकेची पाटी लागलेली नाही. तेथून आमच्याकडे दारे-खिडक्यांची कामे येऊ लागली आहेत. त्या रस्त्यांच्या रेघा आम्ही काढल्या आहेत, पण लेआउटच्या कागदावरील नावे घातलेली नाहीत, कारण कागदावरचे नाव आणि पुढे लागणारी पाटी नेहमी जुळतेच असे नाही. पाट्या लागल्या की भाऊ पुन्हा तेथून चालून येईल आणि नावे भरेल.