आडवं इंजिन, अपडेट ७: सगळं मापात, तरी शाफ्ट जाईना

अखेर मेन बेअरिंगचं कोडं सुटलं. तीन रविवार गेले त्यात. काल रात्री शाफ्टला तेलाचं बोट लावलं आणि वरच्या बुशच्या तोंडात उभा सोडला. तो स्वतःच्या वजनाने हळूहळू, कुठेही न अडखळता दोन्ही बुशमधून खाली उतरला. पुन्हा वर ओढून पाच-सहा वेळा सोडला, केवळ बघायला मजा येत होती म्हणून.

मागच्या वेळी दोन्ही बेअरिंग ब्लॉक तयार झाल्याचं लिहिलं होतं. एमएसचे ब्लॉक, त्यांत १८ मिमीची भोकं, आत गनमेटलचे बुश आणि त्यांत १२ मिमीचा क्रँकशाफ्ट. ड्रॉइंगवर बुश ब्लॉकमध्ये बसवायला H7/s6 आणि शाफ्ट बुशमध्ये फिरायला H7/f7 दिलं होतं. पहिलं फिट घट्ट, म्हणजे बुश भोकापेक्षा मोठा, दाबूनच बसवायचा. दुसरं मोकळं, शाफ्ट तेलाच्या थरावर फिरणारा. पुस्तकाप्रमाणे दोन्ही निवडी बरोबर होत्या.

बुश हँडप्रेसवर दाबले. त्यानंतर डावीकडच्या बुशमध्ये शाफ्ट गेला, पण जड फिरत होता. उजवीकडच्या बुशमध्ये तो तोंडाशीच अडला.

पहिला संशय अलाइनमेंटवर घेतला आणि तिथेच एक अख्खा रविवार गेला. ब्लॉकखाली शिम घातले, काढले, डॉवेल तपासले. शेवटी उजवा ब्लॉक बेडवरून सोडवून हातात घेतला, तरी शाफ्ट जाईना. एकटा सुटा ब्लॉक शाफ्ट घेत नसेल तर दोष अलाइनमेंटचा असूच शकत नाही. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, सगळ्यात आधी तीच करायला हवी होती. एमरी पेपरने शाफ्ट घासायचा मोहही झाला होता. बरं झालं आवरला, कारण शाफ्ट निर्दोष होता.

मग सगळं सामान घेऊन अंबडला गेलो. एमआयडीसीत ज्यांच्याकडे अधूनमधून ग्राइंडिंगचं काम देतो त्या काकांकडे बोअर गेज आणि सेटिंग रिंग आहे. १२ मिमीचं भोक टेलिस्कोपिक गेजने घरी मोजून मायक्रॉनच्या गोष्टी करता येत नाहीत, हे मी आता मान्य केलंय. आमच्या हातांत एक-दोन मायक्रॉनची चूक धरा, पण बुश दाबण्याआधी इथेच घेतलेली उजव्या बाजूची मापं अशी होती: ब्लॉकचं भोक दाबण्याआधी १८.००४, बुशचा बाहेरचा व्यास १८.०३८, बुशचं बोअर दाबण्याआधी १२.००५, शाफ्ट ११.९८०. डावीकडे ब्लॉक १८.०१०, बुश १८.०३०, बोअर १२.००७.

आता ही मापं टॉलरन्सशी ताडून बघा. १८ H7 म्हणजे १८.००० ते १८.०१८. १८ s6 म्हणजे १८.०२८ ते १८.०३९. १२ H7 म्हणजे १२.००० ते १२.०१८ आणि १२ f7 म्हणजे ११.९६६ ते ११.९८४. एकही नग मापाबाहेर नाही. इन्स्पेक्शनला ठेवले असते तर सगळे पास झाले असते.

काकांनी बोअर गेज आत घातला, काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे, बुश दाबला की बोअर आवळतं. दाबायच्या आधीच फायनल रीम कशाला मारलंस?" उजवं बोअर ११.९७९ झालं होतं, डावं ११.९९२. शाफ्ट ११.९८०. उजवीकडे तो जाणार कसा? डावीकडे १२ मायक्रॉनची जागा उरली होती आणि f7 ला किमान १६ हवेत, म्हणून तिथे जड फिरत होता.

घरी येऊन हिशेब मांडला. जाड नळी आणि तिच्यावर बाहेरून दाब, असं धरलं की सूत्र सरळ आहे. उजवीकडे घट्टपणा ३४ मायक्रॉनचा आणि बोअर २६ ने आवळलं. डावीकडे घट्टपणा २० चा आणि बोअर १५ ने. दोन्हीकडे साधारण तीन-चतुर्थांश. माझ्या मापाच्या बुशला (बाहेर १८, आत १२) आणि ४० मिमीच्या स्टील ब्लॉकला सूत्रही तेवढंच देतं. ब्लॉक बिडाचा असता तर साठ टक्क्यांच्या आसपास आलं असतं, ॲल्युमिनियमचा असता तर निम्मं. ब्लॉक जितका कडक तितका तो फाकत नाही, मग सगळा दाब बुशच सोसतो आणि आतून आवळतो. मी बीड सोडून मुद्दाम स्टील घेतलं होतं, त्याने हा प्रश्न वाढलाच.

खरा मुद्दा मला इथे कळला. तक्त्यातली दोन फिट स्वतंत्र निवडली, पण बुशमध्ये ती एकमेकांना जोडलेली असतात. बाहेरचं घट्ट फिट आतल्या मोकळ्या फिटची जागा खातं. तेही प्रत्येक नगात वेगळं, कारण H7/s6 मध्ये घट्टपणा १० पासून ३९ मायक्रॉनपर्यंत कुठेही असू शकतो.

एका मित्राने सुचवलं की बुश फ्रीजरमध्ये थंड करून आणि ब्लॉक तापवून घाल, जोरच लागणार नाही, मग आवळणार कशाला. पहिली अर्धी गोष्ट खरी आहे. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेला १८ मिमीचा गनमेटल बुश १४-१५ मायक्रॉन बारीक होतो, १२० अंशांपर्यंत तापवलेल्या ब्लॉकचं भोक १८-१९ मायक्रॉन मोठं होतं, आणि बुश बोटाने आत जातो. पण तापमान सारखं झालं की घट्टपणा जितका होता तितकाच परत येतो आणि बोअर तितकंच आवळतं. बुश सरळ बसतो आणि पृष्ठभाग ओरबाडत नाही, म्हणून आता मी हीच पद्धत वापरतो. आवळण्यावर मात्र तो उपाय नाही.

उपाय दोन आहेत. पहिला, बोअर आधीच मोठं ठेवायचं. तयार गनमेटल बुशची बोअर मुळात E6 मध्ये असतात, म्हणजे १२ साठी १२.०३२ ते १२.०४३. दाबल्यावर ती आपोआप H8 च्या जवळपास येतात. शेकड्याने बुश बसवायचे असतील तर हाच मार्ग. मात्र माझ्या स्टील ब्लॉकमध्ये बोअर १२.००२ पासून १२.०३५ पर्यंत कुठेही उतरू शकतं. दुसरा उपाय काकांचा: बोअर कच्चं ठेवायचं, बुश दाबायचा, मग जागेवर दोन्ही बुश एकत्र रीम करायचे. दोनच बुश असताना मला हा जास्त भरवशाचा वाटतो, शिवाय दोन्ही बोअर एका रेषेत येतात. एक सांगतो, तेलात भिजवलेल्या सच्छिद्र ब्राँझच्या बुशला हे करू नका. रीमरने त्याची छिद्रं बुजतात आणि तेल बाहेर यायचं बंद होतं.

जुने बुश मात्र वाचले नाहीत. त्यांत रीमरला कापायला फक्त दोन शतांश उरले होते. एवढ्यात रीमर कापत नाही, घासतो, आणि तोंडाशी बोअर फाकवतो. नवे बुश ११.८५ वर बोअर केले, बाहेरून १८.०३० च्या आसपास ठेवले, पुढच्या कडेला लांब उतरता चॅम्फर दिला, थंड करून घातले. मग हँड रीमर. बेअरिंगमधलं अंतर ४० मिमी आहे, त्यामुळे रीमर दुसऱ्या बुशमध्ये शिरताना पहिल्यात अजून आधाराला असतो. फिरवायचा एकाच दिशेने, बाहेर काढतानाही उलटा नाही. बोअर आली १२.००९ आणि १२.०११. म्हणजे शाफ्टभोवती २९ आणि ३१ मायक्रॉन, f7 च्या १६ ते ५२ च्या जवळपास मधोमध.

रीमरबद्दल: सातपूरच्या एका दुकानातून घेतलेला स्वस्त H7 रीमर भंगारात फक्त एक भोक मारून तपासला, तर १२.०२५ निघालं. खोक्यावर H7 छापलेलं आहे म्हणून विश्वास ठेवू नका, आधी भंगारात भोक मारा आणि मोजा. जो वापरला तो दुप्पट किमतीचा आहे आणि तो पैसा सत्कारणी लागला.

ड्रॉइंगही बदललं. आधी असेंब्लीवर दोन फिट लिहून मी मोकळा झालो होतो. आता बुशच्या स्वतंत्र ड्रॉइंगवर कच्चं माप आहे आणि अंतिम माप असेंब्लीवर:

```
बुश:      Ø18 s6 (+0.039 / +0.028)
          बोअर Ø11.85 ±0.02
असेंब्ली:  Ø18 H7/s6
          Ø12 H7/f7, बोअर H7 बुश दाबल्यावर
          जागेवर रीम करणे
```

मोठं अक्षर भोकाचं, लहान शाफ्टचं, आणि जोडीत भोक आधी. सुट्या नगावर कोडसोबत मर्यादाही लिहाच. लेथवर उभा असलेला माणूस तक्ता शोधत बसत नाही, अंदाज करतो. आणि "दाबल्यावर" हा शब्द नसेल तर कारागीर १२ H7 सुट्या बुशवरच करून देईल. त्यात त्याची काही चूक नाही.

हे लिहिताना क्रँकपिनचं पान उघडलं आणि थांबलो. ८ मिमीची पिन वेबमध्ये H7/p6 ने दाबायची ठरवली होती, कारण तक्त्यात p6 समोर "प्रेस फिट" लिहिलंय. पण ८ H7 भोक वरच्या मर्यादेला ८.०१५ होतं आणि p6 पिन खालच्या मर्यादेला ८.०१५च. घट्टपणा शून्य! अशी पिन दुसऱ्याच दिवशी वेबमध्ये फिरायला लागेल. s6 घेतलं तर किमान ८ मायक्रॉन मिळतात, पण कमाल ३२ होतात आणि माझा वेब बाहेरून फार जाड नाही.

म्हणून एकच नग करायचा तर तक्ता बाजूला. आधी वेबचं भोक रीम करून काकांकडे मोजून आणायचं, मग पिन त्या भोकापेक्षा १८ ते २२ मायक्रॉन मोठी करायची. ड्रॉइंगवरचं H7/p6 खोडून "भोक मोजून पिन, +०.०१८ ते +०.०२२" लिहिलं. भोक आज संध्याकाळी मोजलं, ८.००९ आहे. पिन ८.०२९ ला आणायची, सिल्व्हर स्टीलचा तुकडा कोलेटमध्ये लावून ठेवलाय.