उत्तर दिलं कोणी?

सकाळी साडेनऊला शाखेतलं बिलिंग बंद पडलं. मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरला पिंग केल्यावर चारही वेळा एकच ओळ आली:

```
Reply from 192.168.20.1: Destination host unreachable.
```

शाखेतला सहकारी म्हणाला, "सर, लाईन गेलीय. कंपनीत तक्रार टाकू का?" मी थांबवलं. सर्व्हरचा पत्ता 192.168.20.5, आणि उत्तर देणारा 192.168.20.1, म्हणजे मुख्य कार्यालयातला राउटर. त्याचा निरोप शाखेपर्यंत आला, तेव्हा लाईन जाता-येता चालू होती. राउटरने ‘20.5 कोण?’ असं एआरपीने विचारलं आणि कोणी बोललं नाही, एवढाच त्याचा अर्थ. इथे शाखेतल्याच पीसीचा पत्ता दिसला असता, तर पीसीला स्वतःचा गेटवेच सापडत नाही असं समजून शाखेतली केबल आणि स्विच पाहिला असता.

खाली मात्र Lost = 0 (0% loss) लिहिलेलं होतं. विंडोज हा नकारही आलेलं उत्तर म्हणूनच मोजतं, त्यामुळे नुसती टक्केवारी पाहणारा हमखास फसतो.

फोनवरून सर्व्हरमागचा दिवा बघायला सांगितला. विझलेला. केबल ठीक होती, सर्व्हरचा नेटवर्क पोर्टच गेला होता. तिथल्या माणसाने केबल दुसऱ्या पोर्टला लावली आणि त्यावर जुना आयपी हाताने भरला. शाखेतून पुन्हा पिंग:

```
Request timed out.
```

सहकाऱ्याला वाटलं, काहीच सुधारलं नाही. खरं तर बिघाड पुढे सरकला होता. राउटर आता तक्रार करत नव्हता, म्हणजे एआरपीला उत्तर मिळत होतं. फक्त चार सेकंदांत परतीचं पाकीट येत नव्हतं. हा निरोप कोणीच पाठवत नाही, वाट पाहून थकलेला आपलाच पीसी तो छापतो. त्यामुळे बिघाड कुठे आहे हे त्यातून कळत नाही. पाकीट जाताना हरवलं की येताना, हेसुद्धा नाही. `tracert -d 192.168.20.5` चालवलं, तर 20.1 पर्यंत नीट, पुढे नुसत्या चांदण्या.

सर्व्हरच्या शेजारच्या पीसीवरून पिंग लागत होतं. संशय दोनच उरले: बाहेरच्या नेटवर्कला अडवणारी फायरवॉल किंवा परतीची वाट. विंडोजची फायरवॉल पिंगला फक्त स्थानिक नेटवर्कपुरती मुभा देऊ शकते, म्हणून शेजारच्या पिंगवरून निकाल लावता येत नाही. सर्व्हरवर `ipconfig` पाहिलं. Default Gateway समोर कोरी जागा! नव्या पोर्टवर आयपी आणि मास्क भरला होता, गेटवे राहून गेला होता. शाखेचं पाकीट सर्व्हरपर्यंत पोचत होतं, पण उत्तर शाखेच्या 192.168.10 च्या नेटवर्ककडे कुठून पाठवायचं हे सर्व्हरला ठाऊक नव्हतं.

गेटवेत 192.168.20.1 भरलं आणि तिसऱ्या पिंगला 20.5 स्वतः बोलला.