आमची वाटचाल: भट्टी बंद करायचं ठरलं तो दिवस

वडिलांनी १९८७ साली बेळगावच्या उद्यमबागेत एका जुन्या लेथवर काम सुरू केलं. पुढे छोटा कपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, उभा राहिला, साचे करायचं म्हणजे मोल्डिंगचं शेड झालं. मी आल्यावर संगणकावर चालणारी मशीनं, दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी, घेतली. हे सगळं आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात फोटोंसकट आहे, त्यामुळे इथे जास्त लिहीत नाही. माहितीपत्रकात नसलेला एक दिवस मात्र सांगायचा आहे : १६ सप्टेंबर २०१९, सोमवार.

त्या वर्षी गाड्यांचा बाजार पडला होता. ऑगस्टात पूर आला, कोल्हापूरकडचा हायवे काही दिवस बंद राहिला आणि कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, एक मोठं काम आमच्या हातून गेलं. हिशेब करून बघितला, तर आम्ही ज्या किमतीला ओततो त्यापेक्षा बाहेरून ओतून आणलेलं कास्टिंग स्वस्त पडत होतं. मशीनशॉप मात्र तग धरून होतं. म्हणून कपोला आणि मोल्डिंग बंद करायचं, कास्टिंग विकत घ्यायचं आणि फक्त मशीनिंग ठेवायचं, असं ठरलं. भट्टीच्या बाजूला १४ माणसं होती. सहाजणांना मशीनशॉपमध्ये घेता येत होतं. तिघांची निवृत्ती जवळ आली होती. उरलेल्या पाचजणांचं काय, ते हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्ह बॉडीचं एक काम मिळतं की नाही यावर होतं. त्याचा निरोप १५ ऑक्टोबरपर्यंत यायचा होता.

हे सांगायचं कसं, यावर आमच्या मॅनेजरकाकांशी माझं चांगलंच वाजलं. काका वडिलांच्या वेळेपासूनचे. मी इंटरनेटवर बघून एक मजकूर लिहिला होता, त्यात ‘पुनर्रचना’ हा शब्द चार वेळा होता. काकांनी तो वाचला आणि विचारलं, “ह्यात भट्टी बंद होणार हे कुठं लिहिलंय?” खरंच कुठेच लिहिलं नव्हतं.

त्यांचं दुखणं जुनं होतं. २००९ च्या मंदीत त्यांनीच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “कुणाला काढणार नाही, काळजी करू नका.” दोन महिन्यांत चौघांना काढावं लागलं. त्यात फसवणूक नव्हती, तेव्हा आम्हाला खरंच तसं वाटत होतं. पण पुढची कित्येक वर्षं काका बोनसची तारीख सांगायला उभे राहिले तरी मागून कुणीतरी हसायचं. यावेळी त्यांनी दोन वाक्यं आधीच खोडून टाकली : ‘काळजी करू नका’ आणि ‘आपण सगळे एकाच घरातले’. दुसरं मला फार आवडलं होतं. ते म्हणाले, “घरातल्या माणसाला नोटीस देत नाहीत.”

मग आम्ही कागदाचे तीन भाग पाडले : ठरलेलं काय, न ठरलेलं काय, आणि न ठरलेलं कधी कळेल. बोलताना हे तीन भाग एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, एवढंच काकांना सांभाळायचं होतं.

त्या पाचजणांना सकाळी एकेकट्याला ऑफिसात बोलावून आधी सांगितलं. आपलं नाव चारचौघांत पहिल्यांदा ऐकायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून. सगळं एकाच सकाळी उरकलं, कारण दुपारपर्यंत थांबलो असतो तर बातमी माझ्याआधी चहाच्या टपरीवर पोचली असती. सगळ्यांची सभा पावणेतीनला, म्हणजे पहिली पाळी सुटताना आणि दुसरी आत येताना. त्यामुळे दोन्ही पाळ्यांनी तेच शब्द ऐकले आणि खानापूरकडच्या पोरांची गाडीही चुकली नाही.

आवाज ऐकू यावा म्हणून कॉम्प्रेसर बंद केला. शेडमध्ये तो बंद पडला की कान बधिर झाल्यासारखे होतात. काकांनी पहिलंच वाक्य टाकलं, “डिसेंबरअखेर आपली भट्टी बंद होणार.” मग तेच कानडीत. त्यांनी प्रत्येक वाक्य आधी मराठीत आणि लगेच कानडीत सांगितलं. सगळं मराठीत संपवून शेवटी कानडी घेतलं असतं, तर कानडी माणसं तोवर आमचे चेहरे वाचत बसली असती.

नंतर ठरलेली गोष्ट. “१५ ऑक्टोबरपर्यंत एकालाही नोटीस देणार नाही. त्यानंतर द्यावी लागलीच तर एक महिन्याची. म्हणजे १५ नोव्हेंबरपर्यंत पगार पक्का. त्याच्या पुढचं आज मला माहीत नाही. गोत्तिल्ला.” हा एक शब्द सगळ्यांना कळला.

मागून आवाज आला, “म्हणजे काढणार काय ओ आम्हाला?”

काका थोडे थांबले. “पाचजणांवर ती वेळ येऊ शकते. त्यांना सकाळी सांगितलंय. बाकीच्यांवर येणार नाही असं आज दिसतं, पण मी शपथ घेणार नाही.”

मला वाटलं, आता गोंधळ होणार. पण प्रश्न आले ते पैशांचे, आणि त्याची तयारी आम्ही केली होती. काकांनी फळ्यावर एक उदाहरण मांडलं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६०० आणि नोकरी ११ वर्षं. ग्रॅच्युइटीला महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून रोज ६००, पंधरा दिवसांचे ९,०००, गुणिले ११, म्हणजे ९९,०००. कामावरून कमी केल्याची भरपाई वेगळी : दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. तो आम्ही अर्धा महिना धरला, ७,८०० गुणिले ११, म्हणजे ८५,८००. दोन्ही मिळून १,८४,८००. शिल्लक रजेचे पैसे वर. ‘पंधरा दिवस’ हा शब्द दोन्हीकडे येतो, म्हणून बरेचजण हे दोन्ही एकच समजतात आणि एकीकडचे पैसे सोडून देतात. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, भरपाईला वर्षभराची सलग नोकरी पुरते, हेही सांगितलं.

कुणाला कमी करायचं याची यादी लावताना कायद्याची एक गोष्ट आम्हालाच टोचली. त्या कामात जो शेवटी लागला, तो आधी जातो. आमचा शेवटचा मोल्डर हाताने सगळ्यात चांगला होता. मला त्याला ठेवायचं होतं. क्रम मोडायचा तर कारण लिहून ठेवावं लागतं, आणि ‘मला आवडतो’ यापलीकडे माझ्याकडे कारण नव्हतं. यादी क्रमानेच नोटीस बोर्डावर लागली.

१५ ऑक्टोबर उजाडला आणि निरोप आलाच नाही. माझं म्हणणं होतं, सांगण्यासारखं काही नाही तर सभा कशाला? काकांनी कॉम्प्रेसर बंद केला आणि सांगितलं, “आज सांगायचं म्हटलं होतं. अजून कळलेलं नाही. पुढची तारीख २५. त्याआधी नोटीस नाही, म्हणजे पगारही दहा दिवस पुढं सरकला.” सगळं मिळून दोन मिनिटं. त्या दिवशी मागून कुणी हसलं नाही.

काम आलं, पण अर्धंच. पाचातले दोघे राहिले, तिघे गेले. त्यांतला एक गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत लागला. शेवटच्या मोल्डरला २०२१ मध्ये जागा निघाल्यावर आधी फोन केला. कमी केलेल्या माणसाचा तेव्हाच्या कायद्याने पहिला हक्क होता आणि तो आम्ही त्याच्या कागदावर लिहूनही दिला होता. तो आता व्हीएमसीवर आहे.

मागच्या महिन्यात भर दुपारी कॉम्प्रेसर अचानक थांबला. मी ऑफिसातून बाहेर येईपर्यंत सगळे हात पुसत फळ्याजवळ जमले होते. काकांना ओरडून सांगावं लागलं, “अरे जावा कामाला, बेल्ट तुटलाय!”