आमची वाटचाल: नोटिशीचं पान बदललं की मोबाईलवर मेसेज

आमचा मूळ धंदा परीक्षेचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा, त्यामुळे फॉर्म भरून झाला तरी हॉलतिकीट आलं का, निकाल लागला का हे विचारायला पोरं आमच्याकडेच यायची. म्हणून टेलिग्रामवर बॉट काढला. दर 10 मिनिटांनी आमचा सर्व्हर ठरलेली पानं उघडतो, मागच्या वेळेशी ताडून बघतो आणि बदल असला की मेसेज सोडतो.

मेसेज पाठवणं सोपं आहे, खरं काम आहे ते "बदल" कशाला म्हणायचं हे ठरवण्यात. एका विद्यापीठाच्या पानावर खाली व्हिजिटर काउंटर होता, तो प्रत्येक वेळी एकाने वाढायचा, म्हणजे अख्ख्या पानाचा हॅश काढला की दर 10 मिनिटांनी "बदललं". असे फुकटचे मेसेज आले की पोरं बॉट म्यूट करतात आणि खऱ्या निकालाच्या दिवशी त्यांना काही कळत नाही. म्हणून आम्ही फक्त नोटिशींची यादी उचलतो, प्रत्येकीचं शीर्षक आणि पीडीएफची लिंक, आणि आधीच्या यादीत नव्हतं तेवढंच पाठवतो, शीर्षक आणि लिंकसकट.

दुसरी अडचण निकालाच्या दिवशीचीच. गर्दीने साइट झोपते, पण सर्व्हर एरर कोड न देता 200 देतो आणि आत नुसतं "काम चालू आहे" लिहिलेलं असतं. यादी रिकामी मिळते, ती तशीच सेव्ह केली तर साइट परत आल्यावर चाळीसच्या चाळीस जुन्या नोटिसा नव्या म्हणून जातील. त्यावर हा छोटा चेक, यात `now` आणि `last` म्हणजे आत्ताच्या आणि मागच्या नोटिशींचे सेट:

```python
if len(now) > len(last) / 2:
    new = now - last
    last = now
```

यादी एकदम निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली आली तर काहीच सेव्ह होत नाही, अलर्ट आम्हाला येतो आणि आमचा माणूस पान उघडून बघतो, कारण कधीकधी ऑफिसवाले खरंच जुन्या नोटिसा काढून टाकतात.

शुद्धिपत्रक जुन्याच नावाच्या फाइलवर चढवलं तर लिंक तीच राहते आणि यादीत काहीच दिसत नाही, त्यासाठी महत्त्वाच्या पीडीएफचा `Last-Modified` आणि साइज वेगळा तपासतो. काही सर्व्हर ही माहिती देतच नाहीत, तिथे फाइल उतरवूनच बघावी लागते.

पाठवताना टेलिग्रामची मर्यादा सेकंदाला साधारण 30 मेसेजची. म्हणजे 6000 जणांना पोचवायला तीन मिनिटांच्या वर जातात, घाई केली की 429 येतो आणि `retry_after` मध्ये सांगितलेले सेकंद थांबावंच लागतं. म्हणून सगळ्यांना लागणारी नोटीस आम्ही चॅनेलवर एकदाच टाकतो, आणि वैयक्तिक मेसेज फक्त ज्याने ती परीक्षा निवडलीय त्यालाच. सीट नंबर आणि कॅप्चा टाकून उघडणारा निकाल मात्र आम्ही बघत नाही, निकालाची लिंक लागली एवढंच कळवतो, पुढचं ज्याचं त्याने बघायचं.