तुम्ही विचारलंत म्हणून

“ताई, इतकी वेगवेगळी चित्रं होती तुमच्याकडे, त्यांतून पहिल्या प्रदर्शनाचं सूत्र काढलंत तरी कसं? आणि आईचं चित्र का नव्हतं लावलं?”

या दोन प्रश्नांचे उत्तर एकच आहे, म्हणून ते एकदा सविस्तर लिहिते.

सूत्र म्हणजे विषय, असे मीही पुष्कळ वर्षे धरून चालले होते. प्रदर्शन ठरल्यावर जो भेटला त्याने मला विषयच सुचवला. जळगावात राहता तर केळीच्या बागा घ्या, तापी घ्या, नाहीतर सरळ ‘खान्देश’ असे नाव द्या. यातले शेवटचे नाव सर्वांत निरुपयोगी होते, कारण माझ्याकडच्या प्रत्येक कॅनव्हासला ते लागू पडत होते. ज्या सूत्रामुळे एकही चित्र बाहेर पडत नाही, ते निवडीच्या कामाचे नाही. आणि निवड तर करावीच लागणार होती. सभागृहात वापरता येण्याजोगी भिंत सुमारे ऐंशी फूट होती. चित्राची सरासरी रुंदी तीन फूट आणि दोन चित्रांमधली जागा दोन फूट धरली, तर सोळा चित्रे बसतात. घरात याच्या कितीतरी पट कॅनव्हास भिंतीला टेकून उभे होते.

मी सगळ्या चित्रांचे फोटो काढून पोस्टकार्डाच्या आकाराचे प्रिंट केले आणि ते जमिनीवर मांडले. आधी विषयानुसार गट केले, तेव्हा नदीचा गट झाला, बाजाराचा झाला, माणसांचा झाला, आणि प्रत्येक गटात चांगली आणि सामान्य चित्रे सारखीच मिसळलेली राहिली. मग तेच प्रिंट कृष्णधवल करून पुन्हा मांडले. हे अवश्य करून पाहावे. मिरचीचा लाल आणि पानांचा मध्यम हिरवा हे रंगात एकमेकांचे शत्रू असले, तरी करड्या छटेत जवळजवळ एक होतात. त्यामुळे जे चित्र केवळ रंगाच्या झगड्यावर उभे असते, ते सपाट पडते आणि ज्याची मांडणी भक्कम असते, ते टिकते. टिकलेली चित्रे वेगळी काढली, तेव्हा त्यांच्यात विषयाचा काहीच मेळ नव्हता. नंदुरबारची वाळत घातलेल्या मिरचीची पथारी होती, गिरणाकाठच्या वीटभट्टीपुढे मांडलेल्या कच्च्या विटा होत्या, आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छतावर, लुगड्यावर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड होते, खळ्यावरची ज्वारीची कणसे होती आणि पुलावरून पाहिलेले भुसावळचे रेल्वे यार्ड होते.

प्रिंट उलटे करून पाहिल्यावर त्यांच्यातले साम्य लक्षात आले. प्रत्येकात क्षितिज वरच्या पाचव्या हिश्श्यात होते किंवा मुळीच नव्हते, आणि बाकीचा सगळा कॅनव्हास पसरलेल्या जमिनीने व्यापला होता. यामागे साधे कारण आहे. जमिनीवर बसून पाहिले तर वाळत घातलेली वस्तू डोळ्याला एका पातळ पट्टीसारखी दिसते. उंचावरून खाली पाहिले की तीच उलगडते आणि क्षितिज वर सरकते. धाब्याच्या घरात वाढल्यामुळे वरून पाहण्याची सवय मला लहानपणापासून आहे. पथारीवर धाबे नव्हते, तर तिथेही मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढूनच काम केले. म्हणजे सूत्र वाळवणाचे नव्हते, उंचावरून खाली पाहण्याचे होते. यार्डात काहीच वाळत नाही, पण रूळ तसेच पसरलेले आहेत, म्हणून यार्ड आत आले.

आता आईच्या चित्राविषयी. ती बिबड्यांजवळ काठी घेऊन बसली आहे, कावळे हाकते आहे. उन्हाची तिरीप तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर आहे, आणि माझ्या हातून तसा चेहरा पुन्हा झालेला नाही. विषय पाहिला तर या चित्राइतके वाळवणाचे चित्र दुसरे नाही. परंतु ते मी तिच्यासमोर खाली बसून काढले होते. त्यात बिबडे तिच्या मागे बोटभर पट्टीएवढेच उरतात आणि कठड्याची रेघ कॅनव्हासच्या मध्यावर येते.

तरीही उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी मी ते सभागृहात नेले आणि पथारी व वीटभट्टी यांच्या मध्ये टांगले. पथारीचे चित्र पाच फूट रुंद आहे. त्यात ओल्या मिरचीची चमक एका टोकाला आहे आणि सुकून मंद, तपकिरीकडे झुकलेला लाल दुसऱ्या टोकाला, आणि या दोन टोकांच्या मधला प्रवास हेच ते चित्र आहे. आई शेजारी येताच तो प्रवास कोणी पाहीना. सामान लावणारी मुले, दिवे जोडणारा माणूस, माझा भाऊ, सगळे आत येऊन थेट तिच्या चेहऱ्यापाशी थांबत होते आणि उरलेल्या भिंतीवरून नजर फिरवून परत तिच्याकडेच येत होते. जिथे दुसरा एकही चेहरा नाही तिथे एक चेहरा लावला, की बाकीची चित्रे त्याची पार्श्वभूमी होतात. मी तिला कोपऱ्यात नेऊन पाहिले, एकटीला स्वतंत्र भिंत देऊन पाहिले. ओढ तेवढीच राहिली. रात्री भाऊ म्हणाला, “सोळा चित्रं आईसाठी काढून टाक, पण आईला काढू नकोस.” मी ते चित्र उतरवून चादरीत गुंडाळले. तो माझ्याशी न बोलता गाडीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी आईने सगळे सभागृह हिंडून मला विचारले, “मनं चित्र कोठे शे?” मी म्हणाले, घरी आहे. ती पुढे काही बोलली नाही. बिबड्यांच्या चित्रापुढे मात्र बराच वेळ थांबली आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली की हे अजून मधून ओले आहेत, उलटायला हवेत. ते खरे होते, त्या बिबड्यांच्या मध्यभागी मी गडद छटा त्यासाठीच ठेवली होती, आणि दिवसभरात दुसऱ्या कोणाच्या ती लक्षात आली नव्हती.

तुमच्यापैकी काहींना हा निर्णय निर्दय वाटतो. एकेकाळी मलाही वाटला असता. वीस वर्षांपूर्वीची मी असते तर म्हणाले असते की ज्या सूत्रात स्वतःची आई बसत नाही, ते सूत्रच मोडावे. तिला मी आज एवढेच सांगेन की आई बसवायची तर बाकीची पंधरा चित्रे तरी का लावायची, तिचेच एक लावून दार उघडावे. यावर ती म्हणेल की मग तसेच कर. या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सूत्र खोटे असल्याची एक खूण मात्र मी ठामपणे सांगू शकते. मधला सांधा जुळवण्यासाठी नवे चित्र काढावेसे वाटू लागले, तर ते सूत्र चित्रांतून आलेले नसते, वरून लादलेले असते. ‘केळी’ हे नाव मनात घोळत होते तेव्हा मला दर आठवड्याला एखादी बाग रंगवावीशी वाटे. उंचावरून पाहण्याचे सूत्र सापडल्यावर काहीच काढावेसे वाटले नाही, फक्त टांगण्याची उंची बदलावीशी वाटली. चित्राचा मध्य सहसा जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर ठेवतात. मी तो 54 इंचांवर आणला, म्हणजे पाहणाऱ्याची मानही किंचित खाली झुकेल.

आता हीच चित्रे धुळ्याला न्यायची आहेत. तिथली भिंत लहान आहे आणि चार चित्रे कमी करावी लागतील. भाऊ म्हणतो, यार्ड काढ, म्हणजे सगळी वाळवणाची उरतील आणि मग आईलाही जागा होईल. यार्ड काढले तर सूत्र पुन्हा विषयावर येते, हे मी त्याला समजावते आहे. त्याला ते पटलेले नाही, आणि कोणती चार काढायची हेही अजून ठरलेले नाही.