सासूबाईंचा पासपोर्ट आणि 'बेन'चा घोळ (माझा अनुभव)

मी मूळची सांगलीची, लग्नानंतर आणंदला आले. नणंद कॅनडात, तिला दिवस गेले म्हणून मम्मींचा (इथे सासूला मम्मीच म्हणतात) पासपोर्ट काढायचा ठरला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं कारण घरात फॉर्म भरायची हौस मलाच. नावं इथे बदललीयेत, घोळ मात्र खराय.

एका दुपारी सगळे कागद हिंचक्यावर पसरले. शाळेच्या एलसीवर 'पटेल सविताबेन मणिभाई'. आधारवर 'पटेल सविताबेन रमणभाई'. वोटर कार्डावर 'सविताबेन रमणभाई पटेल'. पॅनवर SAVITA RAMAN PATEL. बाई एकच!

आडनाव आधी लिहायचं हे मला नवीन नव्हतं, आपल्या दहावीच्या मार्कशीटवरही तसंच असतं. मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं आणि नंतर नवऱ्याचं, तेही आपल्यासारखंच. अडलं ते भाई-बेनवर. मला वाटायचं हे आपल्या 'राव', 'बाई'सारखं, मानाचं, कागदावर कशाला? पण बाळाच्या जन्मदाखल्यावर नुसतं 'जिग्नेश' असतं, मग शाळेत कुणी गुरुजी 'जिग्नेशकुमार' करतात, पुढे माणूस कमवायला लागला की 'जिग्नेशभाई', आणि ज्या वयात जो कागद बनला त्यावर त्या वयाचं नाव चिकटतं. पॅन एजंटने भरलं होतं, त्याने बहुतेक शॉर्टकट म्हणून बेन आणि भाई दोन्ही उडवले.

मी म्हटलं सगळीकडून बेन काढून टाकू, सुटसुटीत होईल. मम्मी म्हणाल्या, "बेटा, बँकेत, घराच्या दस्तात, सगळीकडे सविताबेन आहे, किती ठिकाणी काढशील?" बरोबर होतं ते. आणि भाई दरवेळी कापताही येत नाही. सरदार पटेलांचं नाव वल्लभभाई झवेरभाई पटेल, त्यातलं भाई काढलं तर काय उरतं? मम्मींच्या वडिलांचं मणिभाई, त्यातून नुसतं 'मणि' उरेल, त्या नावाने त्यांना गावात कुणी ओळखलंही नसतं. मग उलटं ठरवलं, जे जास्त कागदांवर आहे ते खरं, म्हणजे बेनवालं, आणि एकटं पॅन दुरुस्त करायचं.

पण पॅनच्या आधी आधार, कारण आधारमध्ये आडनावाचा वेगळा रकाना नसतो, अख्खं नाव एका ओळीत. तिथे 'पटेल' पहिलं असलं की पुढे जिथे नाव-आडनाव वेगळं टाकायचंय तिथे भरणारा माणूस पहिला शब्द नाव आणि शेवटचा आडनाव समजतो, म्हणजे मम्मींचं नाव पटेल आणि आडनाव रमणभाई. शेजारच्या काकांच्या विमानाच्या तिकिटावर असंच झालं होतं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक वेळ आम्ही या क्रमासाठी खर्च केली, पुरावा म्हणून वोटर कार्ड दिलं कारण त्यावर आम्हाला हवा तोच क्रम होता. केंद्रावर स्क्रीनवरचं स्पेलिंग मी स्वतः वाचलं, BEN जोडूनच हवं होतं. SAVITA BEN असं तोडलं की कॉम्प्युटरला तो वेगळा शब्द वाटतो आणि पुढे कुठेतरी बेन मधलं नाव होऊन बसतं.

नवीन आधार आल्यावर पॅनची दुरुस्ती. त्या फॉर्मात आधी आडनाव, मग नाव, मग मधलं, हे न बघता भरलं तर पुन्हा तोच गोंधळ. ते झालं आणि मग पासपोर्टचा फॉर्म, तिथे दोनच रकाने:

```
Given Name: SAVITABEN RAMANBHAI
Surname: PATEL
```

मधल्या नावाला वेगळी जागा नाही म्हणून ते पहिल्या नावाच्याच रकान्यात गेलं. वडिलांचं नाव एलसीवर होतं तसं, मणिभाई. मामा म्हणाले खरं नाव मणिलाल होतं, मी म्हटलं मामा आता नका काही बोलू! दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखलं जातं का, या प्रश्नाला 'हो' म्हणून जुन्या पॅनवरचं नाव टाकलं, एलसीवरचं लग्नाआधीचं नावही लपवलं नाही.

अपॉइंटमेंटच्या दिवशी काउंटरवर एलसी आणि आधारमधला फरक विचारलाच, मम्मींनी शांतपणे सांगितलं, "ते बापाचं, हे नवऱ्याचं." काम झालं. सही मात्र त्यांनी गुजरातीत नुसती 'सविता' अशी केली. मी बाहेर आल्यावर विचारलं, सहीत बेन का नाही, तर हसून म्हणाल्या, "मी स्वतःला बेन कशाला म्हणू?" आणि तेवढ्यात फोन वाजला तर उचलून म्हणतात, "हां, सविताबेन बोलू छूं."