साधी का एक्सएल?

सेकंड एमबीबीएसचा फार्माचा, म्हणजे औषधशास्त्राचा पेपर चार दिवसांवर आला होता आणि घरी नेमकं स्लॅबचं काम काढलेलं. मिक्सरच्या घरघरीत ऑटोनॉमिकचा धडा वाचणं शक्यच नव्हतं. आत्या माण तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. ती म्हणाली, "चल माझ्याबरोबर. मागच्या खोलीत पंखा आहे, कोणी येत नाही." मे महिना होता. नऊ वाजताच पत्रा तापलेला. मी नोट्स उघडून 'अल्फा-वन ब्लॉकर्स', म्हणजे आवळलेल्या धमन्या सैल करणारी औषधं, हे पान काढलं आणि घोकायला लागले: प्राझोसिन, उपयोग रक्तदाब, प्रोस्टेट, विंचूदंश. विंचूदंश तिसऱ्या नंबरवर, एका शब्दात. आमच्या पुस्तकी जगात त्याला तेवढीच जागा.

पंधरा मिनिटांत बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. शेण भरताना एका बाईला बोटाला विंचू चावलेला. ती खाटेवर बसून हात झाडत होती, रडत होती, "जीव जातोय बाई माझा" म्हणत होती. पुस्तक डोक्यात ताजं होतं, त्यामुळे मी मेडिकल ऑफिसर मॅडमना हळूच म्हटलं, "प्राझोसिन?"

"हात बघ तिचा," मॅडम म्हणाल्या.

हात गरम होता, कोरडा होता. बीपी १२४/८०, नाडी नव्वदच्या घरात. मॅडमनी बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी बधिर करणारं लिग्नोकेन दिलं. देण्याआधी बाटलीवरचं लेबल मला वाचायला लावलं: साधं लिग्नोकेन, अ‍ॅड्रिनलिन नसलेलं. बोटात अ‍ॅड्रिनलिन का नको, हे मला येत होतं. बोटाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बारीक असतात, त्यांना पर्यायी रस्ता फारसा नसतो. अ‍ॅड्रिनलिन तिथल्या अल्फा-वन रिसेप्टरवर बसलं की त्या आवळतात.

पाच-सात मिनिटांत बाईचं रडणं थांबलं. विंचवाचं विष मज्जातंतूवरचे सोडियमचे दरवाजे नीट बंद होऊ देत नाही, त्यामुळे मज्जातंतू एकसारखा संदेश पाठवत राहतो. लिग्नोकेन तेच दरवाजे अडवतं. दोन वेगळ्या धड्यांतल्या या दोन गोष्टी एकाच बोटात भेटतील, असं मला कधी वाटलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "हिला नुसती कळ आहे, विष अंगात भिनल्याची खूण नाही. बीपी चांगलं असताना प्राझोसिन देऊन ते कशाला पाडायचं? संध्याकाळपर्यंत बसू दे इथं, अधूनमधून हात चाचपत जा."

मी मान डोलावली आणि परत नोट्सकडे गेले. विंचवाचं प्रकरण संपलं असंच वाटलं होतं.

पावणेएकला एक म्हातारे मोटरसायकलवरून नातवाला घेऊन आले. पोरगं पाच-सहा वर्षांचं. साडेअकराला कडब्याच्या पेंढीखाली हात घातला आणि चावला. आबांनी विंचू चपलेनं मारून प्लास्टिकच्या पिशवीत आणला होता: तांबूस, बोटाएवढा, पुढचे चिमटे बारीक. आमच्याकडे लोक घाबरतात ते मोठ्या काळ्या इंगळीला. पण जिवावर उठतो तो बहुतेकदा हा लाल.

पोरगं रडत नव्हतं. "सकाळपासनं लई गुणाचं ऱ्हायलंय बगा, एक डाव वरडलं आन् गप झालं," आबा म्हणाले. मला तेवढंच बरं वाटलं. आत्याचा चेहरा मात्र बदलला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, तोंडातून लाळ, वाटेत दोनदा उलटी झालेली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. बहुधा सकाळचं "प्राझोसिन?" त्यांच्या लक्षात होतं.

घाम, लाळ, उलटी. माझ्या डोक्यात तक्ता लख्ख उभा राहिला: मस्करिनिक रिसेप्टर चेकाळले की हे सगळं होतं, उतारा अ‍ॅट्रोपिन. मी तेच बोलले, आणि आवाजही जरा चढाच होता.

"बरं," मॅडम म्हणाल्या, "मग बुबुळ बघ. नाडी मोज. आणि आधी हात धर त्याचा."

हात गार होता. मेच्या दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली, कोपरापर्यंत गार आणि ओला, माठाला हात लावल्यासारखा. तळपाय तसेच. नखं फिकट. बुबुळं मोठी. नाडी १४४. लहान मुलाचा कफ शोधून बीपी घेतलं, १३८/९६. या वयाच्या मुलाचं वरचं बीपी शंभरच्या आसपास असतं.

द्राक्षबागेतल्या फवारणीची विषबाधा असती तर बुबुळ टाचणीच्या टोकाएवढं झालं असतं आणि नाडी बहुतेक मंद. तिथं अ‍ॅट्रोपिन जीव वाचवतं. इथं सगळं उलटं होतं. विषानं आधी सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला धावायला लावणाऱ्या, आणि पॅरासिम्पथेटिक, म्हणजे शांत करणाऱ्या, अशा दोन्ही बाजूंच्या मज्जातंतूंना डिवचलं. उलटी आणि लाळ ही त्या पहिल्या लाटेची. ती ओसरते. मागून येते ती अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनची लाट, आणि ती टिकते. मग घाम कसला? इथं मी मूर्खासारखी फसले होते, कारण उत्तर मला पाठ होतं. घामाच्या ग्रंथींना जाणारे मज्जातंतू सिम्पथेटिक असतात, पण टोकाला सोडतात अ‍ॅसिटिलकोलिन. तोंडी परीक्षेत हमखास विचारला जाणारा अपवाद. घाम दिसला म्हणून पॅरासिम्पथेटिक म्हणायचं नाही.

"अ‍ॅट्रोपिन दिलं असतंस तर घाम सुकला असता आणि आपल्याला बरं वाटलं असतं," मॅडम म्हणाल्या. "आणि १४४ वर धावणाऱ्या हृदयाला तू आणखी चाबूक मारला असतास."

सकाळी बोटात जायला नको म्हणून जे अ‍ॅड्रिनलिन आम्ही टाळलं, ते या पोराच्या स्वतःच्या शरीरानंच सगळीकडे सोडलं होतं. हातापायांच्या धमन्या आवळलेल्या. म्हणून हात गार, म्हणून बीपी वर. एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरायला लागतं. मॅडमनी छातीच्या मागून दोन्ही बाजूंना, अगदी खालपर्यंत स्टेथो लावला. अजून बुडबुडे नव्हते. ऑक्सिजन ९६. "वेळेत आलाय," एवढंच बोलल्या.

मला प्राझोसिन आणायला औषधाच्या खिडकीकडे पिटाळलं. फार्मासिस्ट काकांनी विचारलं, "साधी का एक्सएल?"

मी थबकले. नोट्समध्ये असं काही नव्हतं. काकांनी दोन्ही स्ट्रिप पुढे ठेवल्या. एक्सएल अडीच मिलिग्रॅमची, बीपीच्या पेशंटसाठी, दिवसभर थोडं थोडं औषध सोडणारी. तिचं सगळं गणित त्या गोळीच्या घडणीत असतं. ती मोडायची नाही, कुटायची नाही, आणि इथं हवा असलेला वेग तर तिच्यात नाहीच. साधी एक मिलिग्रॅमची, तिच्या पट्टीत तीनच गोळ्या उरलेल्या. मी ती उचलली.

वजन १७ किलो. किलोला ३० मायक्रोग्रॅम धरले तर ५१०, म्हणजे अर्धी गोळी. आत्यानं गोळी मधोमध तोडली, अर्धी चमच्यात चुरली, घोटभर साखरपाण्यात कालवली आणि पोराला पाजली. घड्याळात १२:५५. मग दहा मिनिटं आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. उलटी झाली असती तर औषध गेलं असतं. झाली नाही.

१०८ ला फोन आधीच केला होता. विंचवाच्या विषावरचं सीरम आणि रात्रभर लक्ष ठेवायची सोय साताऱ्याला होती. गाडी दुसऱ्या कामावर होती, यायला तास-सव्वा तास लागणार होता. तोवर मला काम मिळालं: पोराला उठू द्यायचं नाही. प्राझोसिनच्या पहिल्या डोसनंतर उभं केलं तर बीपी धाडकन पडून माणूस चक्कर येऊन कोसळू शकतो. याला 'फर्स्ट डोस इफेक्ट' म्हणतात, दोन मार्कांचा हमखास प्रश्न. पण दोन मार्कांत हे कुठं लिहिलंय की आजोबा दर पाच मिनिटांनी नातवाला मांडीवर घ्यायला येतील?

"आबा, झोपू द्या त्याला."

"आगं पण मांडीवर निजंल की."

"नको आबा. डोकं वर नको करायला."

ते बिचारे मग खाटेच्या पायथ्याशी बसले आणि नातवाचे तळपाय हातात धरून राहिले. मला ते फार उपयोगाचं झालं. दर थोड्या वेळानं मी विचारायचे, "गार आहेत का अजून?"

मधल्या वेळात मॅडम बोलत बसल्या. हे औषध विंचवावर चालतं हे मोठ्या प्रयोगशाळेतून आलेलं नाही. महाडकडे काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी गार हातापायांचे असेच पेशंट रात्र-रात्र बसून बघितले आणि १९८६ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मी विचारलं, अल्फाच अडवायचं तर प्राझोसिनच का? फेंटोलामीनही अडवतं. मॅडमनी मलाच उत्तर द्यायला लावलं. मज्जातंतूच्या टोकावर अल्फा-टू असतो. नॉरअ‍ॅड्रिनलिन फार झालं की तो 'पुरे आता' सांगतो. फेंटोलामीन त्यालाही गप्प करतं, म्हणजे आग विझवताना पाण्याचा नळच बंद केल्यासारखं. प्राझोसिन त्याला हात लावत नाही.

१:२५ ला बीपी १२८/९०. १:५५ ला ११४/७८, नाडी १२६. आबा म्हणाले, "पाय जरा गरम व्हायल्यात वो." मी हात बघितला. आल्यावर आत्यानं सलाईनची सुई लावायला दोनदा प्रयत्न केला होता, शीर सापडलीच नव्हती. आता हाताच्या पाठीवर एक निळी रेघ आपोआप वर आली होती, सुतळीएवढी. मी आत्याला हाक मारली. तिनं शीर बघितली आणि सुई न आणताच परत गेली. पोरगं पाणी मागत होतं, ओआरएस चमच्यानं पोटात जात होतं. सुईची गरज उरली नव्हती.

सव्वादोनला गाडी आली. बीपी, नाडी, वजन, किती वाजता चावला, किती वाजता किती औषध दिलं, हे सगळं मॅडमनी कागदावर लिहून दिलं. तीन तासांनी पुन्हा बघायचं, हातपाय अजून गार असतील तर तेवढाच डोस परत. उरलेली अर्धी गोळी आत्यानं केसपेपरच्या तुकड्यात पुडी बांधून गाडीतल्या डॉक्टरांकडे दिली आणि पुडीवर पेननं वेळ घातली: ३:५५.

सकाळची बाई अजून व्हरांड्यात बसलेली होती. तिचा हात चाचपायचं मी दुपारभर विसरले होते. गरम होता.